सहा वर्षांपूर्वी की सहा वर्षांपासून

धाकटीला माणसं आवडत नसत असं नाही. माणसांनी तोंड उघडलं की ती तिच्या मनातून उतरत, एवढंच. चष्म्याच्या दुकानावरच्या दुसऱ्या मजल्यावर ती संध्याकाळी स्पॅनिश शिकवायची. वर्गात बाकांच्या चारच रांगा, पंखा एका बाजूला झुकलेला आणि फळा असा, की नवा खडू त्यावर उमटायचाच नाही. तिथे येणाऱ्या प्रत्येकाची तिने मनात एक किंमत ठरवून टाकलेली असे आणि ती किंमत वर्ष संपेपर्यंत वाढल्याचं कुणाला आठवत नाही.

त्या महिन्यात काळ सांगायचा धडा चालला होता. अमुक गोष्ट किती काळापूर्वी झाली आणि तमुक गोष्ट किती काळापासून चालू आहे, हे स्पॅनिशमध्ये कसं म्हणायचं, एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीवर दरवर्षी अख्खा वर्ग आडवा व्हायचा.

"आपण 'पासून' एकच शब्द दोन्हीकडे दामटतो," ती फळ्यावर रेघ मारत म्हणाली. "सोमवारपासून, आणि पाच वर्षांपासूनही. तिकडे तसं चालत नाही. 'देस्दे'ला एक ठिकाण लागतं, जिथून मोजायला सुरुवात करायची. देस्दे एल लुनेस, सोमवारपासून. पण पाच वर्षं म्हणजे ठिकाण नव्हे, ती लांबी आहे. लांबी सांगायची तर मध्ये 'आसे' घालावाच लागतो. देस्दे आसे सिंको आन्योस. आणि ते चालू आहे म्हणून क्रियापद वर्तमानात. आता नुसता 'आसे' आणि क्रियापद भूतकाळात, तर ते काय झालं?"

सगळे आपापल्या वहीत बघू लागले. शेवटी खिडकीपाशी बसलेली दंतवैद्यबाई घाबरत म्हणाली, "पाच वर्षांपासून... नाही, पाच वर्षांनी?"

"तुम्ही दुसऱ्यांचे दात काढता ना? देवाची कृपा, की तुम्ही तिथे अंदाजाने काढत नाही," धाकटी म्हणाली. "पाच वर्षांपूर्वी! झालं, संपलं, मागे पडलं! लिहा वीस वाक्यं."

वर्ग हसला. दंतवैद्यबाई मान खाली घालून लिहू लागली. पन्नाशीची, शांत बाई ती. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून संध्याकाळी शिकायला यायची, दर पाठात अडखळायची आणि तरी एक दिवस चुकवायची नाही. धाकटीच्या मते तिच्याइतकं मठ्ठ डोकं त्या बाकांवर आजवर बसलं नव्हतं.

पण दंतवैद्यबाई तरी पैसे भरून मठ्ठपणा करत होती. फुकटात डोकं उठवणारा माणूस घरात शिरला होता, तो वेगळाच.

धाकटीची ताई तिच्याहून आठ वर्षांनी मोठी. कपडे दुरुस्त करून देण्याचं तिचं छोटं दुकान होतं. झिपा बदलणं, कोट आत घेणं, पँटी आखूड करणं, अशी सगळी कामं. आई-वडिलांच्या आजारपणात तिचं लग्नाचं वय निघून गेलं आणि नंतर तिने तो विषय कपाटात वर ठेवून दिला. दोघी बहिणी एकाच घरात राहत, रात्री एकाच टेबलावर जेवत. ताई बोलायची कमी, ऐकायची जास्त. धाकटीला ऐकणारं माणूस लागायचंच. अशी वर्षं चांगली चालली होती.

मग एक दिवस एक गृहस्थ पँटीची शिवण उसवली म्हणून दुकानात आला. पँट शिवून झाली तरी गेला नाही. जहाजावर वीजतंत्री होता म्हणे. आयुष्य बंदरांत काढलेलं. डोक्यावर पांढरी टोपी, पुढे सोनेरी नांगर. धाकटीने पहिल्याच भेटीत त्याचं नाव कॅप्टन ठेवलं आणि ते प्रेमाने ठेवलं नव्हतं. ताईने मात्र ते तसंच उचललं, आणि तेही कौतुकाने.

"कॅप्टनने तिकडे, स्पॅनिश बोलतात त्या किनाऱ्यावर पुष्कळ वर्षं काढलीत गं," ताई म्हणाली. "तुझ्यासारखंच फडाफडा बोलतात."

जेवणाच्या टेबलावर त्याने धाकटीकडे बघून हसत बाण सोडला, "वीवो एन तिएर्रा देस्दे सिंको आन्योस, मेहुणीबाई!" पाच वर्षांपासून मी जमिनीवर राहतोय, असं त्याला म्हणायचं होतं.

"देस्दे आसे सिंको आन्योस," धाकटी म्हणाली. "आणि मी अजून तुमची मेहुणी नाही."

"बंदरात एवढं कुणी बघत नाही हो. समोरच्याला कळल्याशी कारण."

"तुम्हाला काय म्हणायचंय ते बंदरातल्या कुत्र्यालाही कळत असेल. म्हणून ते बरोबर होत नाही."

कॅप्टन मोठ्याने हसला. ताई हसली नाही. तिने भाताची वाटी जरा जास्तच जोरात ठेवली.

त्यानंतर धाकटीने एकही संधी सोडली नाही. तो लिंग चुकवायचा, काळ चुकवायचा, क्रियापदांची वासलात लावायचा, आणि हे सगळं अशा तोऱ्यात, की जणू भाषा त्याच्या बापाने बंदरावर उतरवून घेतली होती. ती दर वेळी त्याला थांबवून दुरुस्त करायची. तो दर वेळी हसून सोडून द्यायचा. आणि ताईच्या मनात दर वेळी हिशेब एकाच बाजूला जमा व्हायचा, हे धाकटीला दिसलं नाही. तिला ते बघायचंही नव्हतं.

त्याने ताईपासून काही लपवलं नव्हतं, असं ताई म्हणायची. त्याचं एकदा लग्न झालं होतं, त्याच किनाऱ्यावरच्या बाईशी. सहा वर्षांपूर्वी. पण जेमतेम आठ महिने टिकलं. पटलं नाही, मोडलं, तो जहाज सोडून परत आला आणि तेव्हापासून एकटा आहे. इतकी वर्षं दुसऱ्या शहरात होता, हल्लीच इकडे आला. "सरळ सांगून टाकलं त्यांनी," ताई म्हणाली. "लपवायचं असतं तर सांगितलंच नसतं."

"ज्याला लपवायचं असतं तो थोडं सांगूनच लपवतो," धाकटी म्हणाली.

"झालं तुझं सुरू."

लग्नाचा दिवस ठरला. नोंदणी करून, चार माणसांत. ताईने स्वतःसाठी फिकट निळा झगा शिवायला घेतला; आयुष्यात पहिल्यांदाच ती दुसऱ्याच्या मापाचा कपडा बाजूला सारून स्वतःचं माप घेत होती. धाकटीलासुद्धा त्यावर काही बोलवलं नाही.

आणि एका दुपारी ताईच्या फोनवर अनोळखी परदेशी क्रमांकावरून आवाजाचा निरोप आला. बाईचा आवाज, भाषा स्पॅनिश. दुकानाचा क्रमांक कॅप्टनने कुणा जुन्या सोबत्याला दिला असावा आणि तिथून तो त्या बाईपर्यंत गेला असावा. ताईला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. कॅप्टन समोरच स्टुलावर बसून चहा पीत होता. ताईने सरळ त्याच्यापुढे फोन धरला.

त्याने ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग कप खाली ठेवून म्हणाला, "तीच ती. माझी तेव्हाची बायको. म्हणते, आमचं सहा वर्षांपूर्वी लग्न झालं होतं. आठ महिन्यांत मी निघून आलो. तेव्हापासून आमचा काही संबंध नाही. तुम्हाला हवं तर फोन करून खात्री करून घ्या म्हणते. भली बाई आहे, बघा. कुठून तरी आपलं लग्न कळलं असेल, म्हणून मुद्दाम सांगायला फोन केला."

ताईचा जीव भांड्यात पडला. मनात कुठे किंतु असेल तर तोही गेला. रात्री तिने ती आनंदाची गोष्ट बहिणीला सांगितली आणि निरोप ऐकवला. धाकटीच्या तोंडून एकदा तरी बरा शब्द निघावा, ही तिची साधी अपेक्षा होती.

धाकटीने हातातला चमचा खाली ठेवला.

निरोपातली बाई सावकाश बोलत होती, एखाद्या परक्याला समजावं म्हणून बोलतात तसं. एस्तामोस कासादोस देस्दे आसे सेइस आन्योस. से फ्वे दे कासा आसे ओचो मेसेस, इ देस्दे एन्तोन्सेस नो से नादा दे एल. तिथे असेल तर मला फोन करायला सांगा, असं शेवटी.

"काय म्हणाला तो? पुन्हा सांग."

ताईने पुन्हा सांगितलं.

धाकटी हसली. तिला हसू आवरलंच नाही. इतके महिने ज्या माणसाला ती नुसता अडाणी समजत होती, तो अडाणी नव्हता, लबाड होता. आणि लबाडीही कशी, तर तिच्या वर्गातल्या फळ्यावरची! तिला आतून एकदम हलकं वाटलं.

"ताई, नीट ऐक. 'एस्तामोस' म्हणजे आहोत. होतो नाही, आहोत. 'देस्दे आसे सेइस आन्योस', गेली सहा वर्षं. आमच्या लग्नाला सहा वर्षं झालीत आणि ते अजून आहे, असं म्हणतेय ती. आणि 'से फ्वे आसे ओचो मेसेस' म्हणजे आठ महिन्यांत निघून गेला नव्हे. आठ महिन्यांपूर्वी निघून गेला. घर सोडून. आणि तेव्हापासून त्याचा काही पत्ता नाही. तुझा भला माणूस आठ महिन्यांपूर्वी बायकोला टाकून पळालाय. तुझ्या दुकानात शिवण उसवून आला त्याला किती दिवस झाले, तूच मोज."

ताईने मोजलं नाही. ती बहिणीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. त्या चेहऱ्यावर हसू अजून होतंच.

"तुला किती बरं वाटतंय, नाही?"

"मला बरं वाटण्याचा काय संबंध? हे व्याकरण आहे!"

"तुझं व्याकरण असतंच. वाण्याला व्याकरण, डॉक्टरला व्याकरण, त्या बिचाऱ्या दातवाल्या बाईला व्याकरण. तू आजवर कुणाला बरं म्हटलंयस, एक नाव सांग."

धाकटीने खाली ठेवलेला चमचा पुन्हा उचलला.

दुसऱ्या दिवशी धाकटीच्या समोरच ताईने कॅप्टनला विचारलंच. तो रागावला नाही. उलट कीव येत असल्यासारखा मान हलवत राहिला. "मेहुणीबाईंचं पुस्तकी स्पॅनिश आहे," तो म्हणाला. "पुस्तकात आसे अन् देस्दे असे खुंट्यांना टांगलेले असतात. बंदरावरची माणसं कधी देस्दे गाळतात, कधी घालतात. ऐकून ऐकून कळतं ते. त्या कधी गेल्यात का तिकडे? एक दिवस तरी?"

धाकटी गेली नव्हती. हे तिचं एकच दुखणं, आणि त्याने बरोबर तिथेच बोट घातलं. "देस्दे गाळतात, बरोबर," ती तडकून म्हणाली. "पण 'एस्तामोस' कुठल्या बंदरावर गाळतात? वर्तमानकाळ बुडतो का समुद्रात?"

"बघा, पुन्हा चिडल्या," कॅप्टन ताईला म्हणाला, आणि ताई त्याच्या बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसली.

त्या दिवसापासून दोघी बहिणींत जेवताना मीठ मागण्यापुरतं बोलणं उरलं. धाकटीने ठरवलं की आता एक शब्द बोलायचा नाही. लग्न होऊ दे आणि मग कपाळाला हात लावू दे. असं ठरवायला तिला काही जड गेलं नाही. उलट त्या ठरवण्यात एक गोडी होती, हे तिचं तिलाही माहीत होतं. मूर्ख माणसाला मूर्खपणा करू देण्यातली गोडी. फक्त या वेळी मूर्ख माणूस ताई होती. रात्री ताई शिवायला बसली, मशीनचा आवाज भिंतीतून येऊ लागला की ती गोडी जरा आंबायची.

एका शनिवारी धाकटी घराची किल्ली मागायला ताईच्या दुकानात गेली. दार नेहमीसारखं अर्धं उघडं होतं. आत दंतवैद्यबाई उभी होती. पांढरा कोट बाह्यांमध्ये घट्ट होतो म्हणून तिने दिला होता, तो घ्यायला आली होती. ताईने कोट घडी करून टेबलावर ठेवला होता, पण हात अजून त्याच्यावरच होता.

"एक काम होतं," ताई म्हणत होती. "तुम्ही माझ्या बहिणीकडे शिकता ना? एवढं ऐकता का? मला फक्त काय म्हटलंय ते सांगा. कोण आहे, कशाला आहे, काही विचारू नका."

धाकटी दाराबाहेरच थांबली. ताई या बाईला विचारतेय! वर्षभरात जिला सोमवार आणि सफरचंद यातला फरक कळला नाही, तिला! धाकटीला वाटलं आत जावं आणि फोन हिसकावून घ्यावा. पण ती दाराला टेकून ऐकत राहिली.

दंतवैद्यबाईने निरोप ऐकला. "पुन्हा लावा," ती म्हणाली. मग तिसऱ्यांदा. तिने हाताची बोटं पुढे धरून एकेका शब्दाला एकेक बोट मोजलं, शाळकरी पोरीसारखं.

"एस्तामोस... आम्ही आहोत. कासादोस, लग्न झालेले. देस्दे आसे..." ती थांबली. "हे माझ्याकडून वीस वेळा लिहून घेतलंय बाईंनी. देस्दे आसे आणि वर्तमानकाळ, म्हणजे अजून चालू आहे. आमच्या लग्नाला सहा वर्षं झालीत. 'झाली होती' नाही हं, 'झालीत'. आता पुढचं, से फ्वे, तो गेला. भूतकाळ. भूतकाळ आणि नुसता आसे, म्हणजे पूर्वी. आठ महिन्यांपूर्वी. घरातून गेला. देस्दे एन्तोन्सेस... तेव्हापासून. इथे एन्तोन्सेस हे ठिकाण आहे, म्हणून आसे लागत नाही. तेव्हापासून मला त्याच्याबद्दल काही माहीत नाही."

"आठ महिन्यांत गेला, असं नाही होत?" ताईने विचारलं. "म्हणजे, आठ महिने राहिला आणि गेला?"

"नाही. तसं म्हणायला दुसरा शब्द आहे. मी ते नेहमी चुकते आणि बाई मला सगळ्यांसमोर सोलून काढतात, म्हणून पक्कं लक्षात आहे. माझं बाकी सगळं कच्चं आहे, पण यात मी चुकणार नाही." मग ती ओशाळून म्हणाली, "तुम्ही त्यांनाच का नाही विचारत? त्यांच्याइतकं नीट कुणी शिकवत नाही."

 ताईने कोटावरचा हात काढून घेतला आणि टेबलाची कड धरली. दंतवैद्यबाईला काय झालं ते कळलं नसावं. पण तोंडात बघून दुखणं ओळखण्याची सवय असलेली ती बाई, तिने काही न विचारता पाण्याचा पेला भरून ताईच्या हातात दिला आणि कोट उचलून निघाली. दारात धाकटी दिसली तेव्हा तिने सवयीने मान खाली घातली.

धाकटी आत गेली.  ताई म्हणाली, "उद्या सकाळी तो पँट न्यायला येणारे. तू ये. पण एक सांगते. मी सांगीन तेवढंच त्या निरोपातल्या बाईला विचारायचं आणि ती म्हणेल तेवढंच मला सांगायचं. तुझं मत नको. तुझा चेहराही नको."

"चेहऱ्याचं मी काय करू?"

"भिंतीकडे बघ."

सकाळी कॅप्टन शीळ घालत आला. स्टुलावर बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली. ताईने समोर फोन ठेवून आवाज मोठा केला आणि त्याच परदेशी क्रमांकावर फोन लावला. आधी त्याच्या लक्षात आलं नाही. पलीकडून "दीगा?", म्हणजे बोला, असं बाईच्या आवाजात आलं तेव्हा त्याने टोपी उचलली आणि पुन्हा ठेवली.

"विचार," ताई धाकटीला म्हणाली. "लग्न कधीपासून आहे?"

धाकटीने भिंतीवर लावलेल्या दोऱ्यांच्या रिळांकडे बघत विचारलं. पलीकडची बाई म्हणाली, "देस्दे आसे सेइस आन्योस."

"सहा वर्षांपासून," धाकटी म्हणाली.

"कधीपर्यंत होतं, ते विचार."

तिने विचारलं.  पलीकडची बाई चिडून भराभर बोलली.

"म्हणते, कधीपर्यंत म्हणजे काय? आहेच अजून. मी त्याची बायको आहे. आठ महिन्यांपूर्वी दिवे बघायला जहाजावर जातो म्हणाला आणि आलाच नाही."

कॅप्टन आता बोलू लागला, मराठीत, ताईकडे वळून, दोन्ही हात पसरून. "अहो, ती चिडून बोलतेय. रागात माणूस काळ बघत नाही. कायद्याने कागद बाकी असेल एखादा, त्याचं काय..."

तेवढ्यात फोनमधून, मागून कुठून तरी, बारीक पोरीचा आवाज आला. "पापा? एस पापा?"

याचा अर्थ ताईने कुणाला विचारला नाही.

पलीकडची बाई आता रडत काहीतरी म्हणाली.  धाकटीला रिळांचे रंग एकमेकांत मिसळल्यासारखे दिसले. "म्हणते," ती शेवटी म्हणाली, "'देस्दे के से फ्वे'. तो गेल्यापासून पोरगी त्याच्याबद्दल विचारते. रोज."

"तिला सांग, तो इथे आहे," ताई म्हणाली. "आणि आता बोलेल."

तिने फोन उचलून कॅप्टनपुढे धरला. तो घेईना. त्याने मान खाली घातली, टोपीच्या नांगरावरून अंगठा फिरवला.  मग त्याने एक गोष्ट केली, जी धाकटीला आयुष्यभर सांगावीशी वाटणार होती, आणि सांगायला तिला कुणीच मिळणार नव्हतं. तो ताईला म्हणाला, "ती पँट झाली असेल ना? राखाडी?"

ताईने मागच्या फळीवरून पँट काढली. घडी घातली. कागदात गुंडाळली. त्याच्या हातात दिली. पैसे घेतले नाहीत. "पुन्हा या दुकानात यायचं नाही," ती म्हणाली. तो गेला. पायऱ्या उतरताना तो शीळ घालत नव्हता, एवढंच.

फोन अजून चालूच होता. ताईने तो धाकटीच्या हातात दिला. "तिला सांग, मला माहीत नव्हतं. आणि सांग की तो या शहरात कुठे राहतो ते मी तिला कळवते. तिला काय करायचं ते ती ठरवेल."

धाकटीने सांगितलं. तिच्या इतक्या वर्षांच्या शिकवण्यात ती एवढं सरळ, एवढं चूक नसलेलं आणि एवढं कठीण वाक्य कधी बोलली नव्हती. पलीकडची बाई ऐकत होती. मग तिने आभाराचा एकच शब्द म्हटला, "ग्रासियास," आणि फोन ठेवला.

दुकानात आता मशीन, कात्री आणि अर्धा शिवलेला निळा झगा. धाकटीला वाटलं आता ताई रडेल, आणि ती जवळ जाईल, आणि सगळं पहिल्यासारखं होईल. मनात शब्दही तयार झाले होते: मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते शब्द तिने गिळले. गिळताना तिला फार कष्ट पडले, हे ताईला दिसलं.

"बोल," ताई म्हणाली. "पोटात ठेवलंस तर फुगशील."

"नाही. काही नाही."

"तू बरोबर होतीस. एकेक अक्षर बरोबर होतीस." ताईने झगा उचलला, शिवण बघितली आणि खाली ठेवला. "पण त्या रात्री तू हसलीस. मला कुणीतरी फसवतंय हे तुला कळलं आणि पहिलं काय आलं तुझ्या तोंडावर? हसू. त्या दातवाल्या बाईला काही माहीत नव्हतं, मी कोण, तो कोण. पण मी टेबलाची कड धरली ते तिने बघितलं आणि पाणी दिलं. तू बघितलं असतंस का?"

धाकटीने जमिनीवर पडलेलं एक रीळ उचलून भिंतीवर लावलं. 

"मला त्याचा राग येत नाहीये," ताई पुढे म्हणाली. "त्याची लायकीच तेवढी होती. घाण वाटते, बस. पण त्याला मी महिनाभरात विसरेन. तुला घरी रोज बघायचंय."

त्यानंतर कॅप्टन शहरात कुणाला दिसला नाही. त्याने खोली सोडली, असं ताईला खोलीमालकाकडून कळलं; नवा पत्ता त्यालाही माहीत नव्हता, आणि एवढंच त्या बाईला कळवण्यासारखं उरलं होतं. ते कळवायला ताईने दंतवैद्यबाईला बोलावलं. दोघी दुकानात मान खाली घालून एका कागदावर अर्धा तास खपल्या. धाकटीला कुणी विचारलं नाही.

घरी दोघी अजून एकाच टेबलावर जेवतात. ताई बोलते, हसतेही. वाण्याची, भाडेकरूंची, दुकानात येणाऱ्या बायकांची गोष्ट निघते. पण "तुला काय वाटतं गं?" हे ती आता विचारत नाही. धाकटी ते ऐकायला थांबते, आणि ते येत नाही.

संध्याकाळी ती वर्गावर जाते. कॅप्टनची तिला अजून तितकीच चीड आहे; त्यात कणभर फरक पडलेला नाही, आणि पडावा असं तिला वाटतही नाही. परवा दंतवैद्यबाईने उठून एक वाक्य म्हटलं, लिंग चुकवून, पण काळ अगदी बरोबर. वर्ग सवयीने हसायला तयार झाला. धाकटीने खडू हातात धरून ठेवला आणि लिंगाची चूक तशीच सोडून दिली.

"बसा," ती शेवटी म्हणाली. एवढंच.